मदत हवी आहे: वर्गातल्या मास्तरांच्या दातांची जुनी टीव्ही जाहिरात, वज्रदंती की दुसरी कुठली?

पाटणची_लेक

रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे. त्या दिवशी मला एक जुनी जाहिरात सगळ्यांसमोर लावायची आहे. तीन रात्री यूट्यूबवर शोधतेय, सापडत नाही. शाळेचा वर्ग आहे, मास्तर एका मुलाला उभं करतात आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र दातांचं कौतुक करतात. शेवटी पोरं मास्तरांच्याच दातांवर घसरतात आणि वर्ग हसतो. मागे 'वज्रदंती वज्रदंती' गाणं. मी विकोच्या सगळ्या जाहिराती पाहिल्या, एकीतही वर्ग नाही. कुणाकडे असेल तर कृपया लगेच लिंक द्या.

मोहन_ठाणेकर

ताई, गाणं वज्रदंतीचं तर जाहिरात वज्रदंतीचीच. त्यांनी ढीगभर जाहिराती केल्या होत्या, सगळ्या काही नेटवर नाहीत. 'विको वज्रदंती वर्ग' असं देवनागरीत शोधून बघा. त्यात एक पहिलवानही होता, तो आठवतो का?

रीळवाला

आधी जरा माहिती द्या. गाव कुठलं? साल साधारण कुठलं? तुम्ही ही टीव्हीवर पाहिली की तालुक्याच्या टॉकीजमध्ये? बोलणं हिंदीत होतं की मराठीत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाच्या हातात पेस्ट होती की मंजन?

मी ऐंशीच्या दशकात दादरला एका ध्वनिमुद्रणगृहात मदतनीस होतो. जाहिरातींचे आवाज भरायचं काम रोजचं होतं. एवढं कळलं तर पुढे सांगता येईल.

पाटणची_लेक

गाव पाटण तालुक्यात, कोयनेकडे. मी तिसरीत होते, म्हणजे १९८६ च्या आसपास. टीव्ही सरपंचांच्या ओटीवर होता, अर्ध गाव तिथे बसायचं. पेस्ट नव्हती, मंजन होतं. लाल मंजन, लाल डबा, हे मला स्वच्छ आठवतं. बोलणं मराठीत होतं, 'गुरुजी, तुमचे दात?' असं.

बाबांबद्दल लिहायचं राहिलं. ते झेडपीच्या शाळेत शिक्षक होते. ती जाहिरात लागायला लागल्यावर शाळेतली पोरं त्यांना तेच वाक्य म्हणायची. बाबा कधी रागावले नाहीत. उलट रोज सकाळी वर्गात पोरांचे दात बघायची पद्धत त्यांनी त्यानंतरच सुरू केली. म्हणून मला तीच हवी आहे, दुसरी नको.

डॉ_सुलभा_दंत

लाल मंजन, राखुंडी, मिश्री, यातलं काहीही रोज दातांवर घासू नये. भरड पुडीने दातांच्या मुळाशी खाचा पडतात आणि मग थंड पाणी सोसत नाही. वडिलांना मऊ ब्रश द्या. मिश्री लावत असतील तर ती आधी बंद करा, तिच्यात तंबाखू असते.

पाटणची_लेक

डॉक्टर, बाबांचे दात ठणठणीत आहेत. मला जाहिरात हवी आहे हो.

रीळवाला

मंजन आणि वर्ग म्हटल्यावर माझ्या मते गाठ सुटते. ही वज्रदंतीची नाही, डाबर लाल दंतमंजनची. त्या जाहिरातीत मास्टरजी एका पोराला म्हणतात की तुझे दात मोत्यांसारखे चमकतात, आणि तो पोरगा मंजनाचं नाव सांगतो. ती संवादावर चालते. विको वज्रदंतीची सगळी मदार गाण्यावर होती: पावडर, पेस्ट, जडीबुटी, स्वदेशी, सगळं चालीत बसवलेलं. एका जाहिरातीला संवादाचा विनोद सांगायचा आहे आणि मागे दुसऱ्या कंपनीचं नाव घेणारं गाणं वाजतंय, असं होऊच शकत नाही.

मग तुमच्या डोक्यात दोन्ही एकत्र कसे आले? दूरदर्शनवर तेव्हा जाहिराती बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या आधी किंवा नंतर एकगठ्ठा लागायच्या. छायागीताची वाट बघत बसलेलं पोर सात-आठ जाहिराती सलग बघायचं. दंतमंजनाच्या दोन लागोपाठ आल्या तर वीस-तीस वर्षांनी एकीचं चित्र आणि दुसरीची चाल यांची सांगड बसते. चित्रापेक्षा चाल जास्त टिकते, म्हणून लोक उत्पादनाचं नाव चालीवरून ठरवतात आणि तिथेच चुकतात. शोधताना गाणं बाजूला ठेवून दृश्य शोधायचं.

मोहन_ठाणेकर

एकदम 'होऊच शकत नाही' म्हणू नका. वज्रदंतीची पावडरही होती, पेस्ट नंतर आली. आणि पहिलवानाची जाहिरात मी डोळ्यांनी पाहिली आहे.

रीळवाला

पावडरचं तुमचं बरोबर. पण ती जडीबुटींची तपकिरी पूड, लाल नव्हे. पहिलवान मात्र कोलगेटच्या दंतपावडरचा. शरीराला दूध-बदाम आणि दातांना कोळसा, असं त्याला विचारतात. तो कोळशाने दात घासत असतो. तिथे पावडर पांढरी. मंजनाच्या जाहिरातीत तळहातावरची पूड हीच खरी खूण. पांढरी, लाल, तपकिरी किंवा काळी, एवढं नक्की कळलं तर निम्मी नावं गळतात.

शाल्मली_प

पण सरपंचांच्या ओटीवरचा टीव्ही रंगीत होता का? आमच्याकडे कोल्हापूरला १९८५ त ब्लॅक अँड व्हाइटच होता. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ त, एशियाडच्या वर्षी सुरू झालं, तरी रंगीत संच घराघरात यायला पुढे बरीच वर्षं गेली. आमच्या काचेवर बाबांनी प्लॅस्टिकचा रंगीत कागद लावला होता, वर निळा, मध्ये लालसर, खाली हिरवा. बातम्या वाचणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि गाल लाल दिसायचे. लाल मंजन पाहिल्याचं आठवतंय, ते पडद्यावर पाहिलंत की दुकानात?

पाटणची_लेक

अगं, अगदी असाच कागद होता! म्हणजे मधला पट्टा लालच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग लाल रंगाचा पुरावा गेलाच का?

रीळवाला

शाल्मलीताईंचा मुद्दा बिनतोड आहे, मी तो विचारात घेतला नव्हता. पडद्यावरचा लाल रंग आता धरू नका. पण डबा लाल होता असं तुम्ही म्हणता, तो घरात किंवा वाण्याकडे पाहिलेला असेल. घरात कुठलं मंजन यायचं ते आईला विचारा. 'जाहिरात आठवते का' असं विचारू नका, नाहीतर तुमचीच आठवण त्यांच्या तोंडून परत येईल. नुसतं विचारा, आपण दात कशाने घासायचो.

सिंधू_मस्कत

आम्ही १९८७ त मस्कतला होतो. तिथे हिंदी सिनेमाच्या भाड्याच्या कॅसेटवर सिनेमाच्या आधी विकोच्या जाहिराती असायच्या. आमच्या मुलांना मराठी बाराखडीच्या आधी वज्रदंतीचं गाणं पाठ झालं. माझाही एक प्रश्न इथेच विचारते. पापडाचा खदखदून हसणारा ससा होता ना? लिज्जतचाच ना तो? नातवाला दाखवायचाय.

शाल्मली_प

हो, लिज्जतचाच. तो बाहुला रामदास पाध्ये यांचा. त्यांच्या नावाने शोधा, लगेच मिळेल.

मोहन_ठाणेकर

काटेकोरांटी म्हणतात ना आपल्याकडे, पिवळ्या फुलांची, तीच वज्रदंती. आमची आजी तिच्या काडीने दात घासायची. म्हणून ते नाव डोक्यात पक्कं बसतं. पाटणच्या डोंगरातही ती असेलच.

लवंगेच्या तेलाची जाहिरात कुणाला आठवते का? 'आपके टूथपेस्ट में लौंग का तेल है?' तीही डाबरचीच. मी काल शोधलं तर प्रॉमिस डाबरच्याच नावावर दिसते. म्हणजे मास्तरांची जाहिरात प्रॉमिसचीही असू शकेल.

रीळवाला

मोहनराव, इथे एक मेख आहे. प्रॉमिस तेव्हा बलसारांची होती. डाबरने बलसारांचा तो धंदा २००५ मध्ये घेतला. आज नेटवर शोधलं की आत्ताचा मालक दिसतो आणि लोक जुनी जाहिरात त्याच्या खात्यावर टाकतात. १९८६ ची जाहिरात शोधताना त्या वेळी ते उत्पादन कुणाचं होतं ते बघायचं. शिवाय प्रॉमिस पेस्ट, इथे मंजन. नाही जुळत.

ताई, 'मास्टरजी' आणि 'डाबर लाल दंतमंजन' एवढंच हिंदीत टाकून शोधा. 'गुरुजी' टाकू नका.

पाटणची_लेक

सापडली!! चित्र अंधुक आहे, पण वर्ग तोच, तो पोरगाही तोच. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

आईला तुम्ही सांगितलं तसंच विचारलं. ती म्हणाली, 'तुला लाल मंजन, तुझ्या भावाला पांढरं, आणि बाबा कडुलिंबाची काडी.' पांढऱ्याचं नाव तिला आठवत नाही. लाल मंजनाचा रिकामा डबा मात्र तिने मोहरी ठेवायला बरीच वर्षं वापरला, म्हणजे डबा माझ्या डोळ्यांसमोर रोजच होता.

पण एक गोष्ट जुळत नाही. यात सगळं हिंदीत आहे. 'गुरुजी, तुमचे दात?' हे मराठीतलं वाक्य मला शब्दशः आठवतं.

रीळवाला

त्याला दोन शक्यता आहेत. तेच चित्र ठेवून वेगवेगळ्या भाषांत आवाज भरायची पद्धत होती, मी स्वतः अशा फिती लावल्या आहेत. त्यामुळे मराठी आवाज असेलही. पण मी त्या मंजनाचं काम केलेलं नाही, म्हणून छातीठोक सांगणार नाही. दुसरी शक्यता मला जास्त पटते. 'मास्टरजी' हा शब्द पाटणच्या पोरांच्या तोंडी कशाला येईल? त्यांनी तो शाळेत नेताना गुरुजी केला असणार, आणि तुम्ही ते वाक्य पडद्यावरून नव्हे, वर्गातून ऐकलं असणार. बाबांनाच विचारा.

मोहन_ठाणेकर

मराठीत होती. मी टॉकीजमध्ये पाहिली आहे, मध्यंतरात.

शाल्मली_प

कुठल्या टॉकीजमध्ये, मोहनराव? साल?

मोहन_ठाणेकर

ठाण्यात. साल बघून सांगतो.

पाटणची_लेक

बाबांना आत्ता विचारलं तर रविवारची गंमत जाईल. आधी हिंदी जाहिरात लावते, मग त्यांनाच विचारते की वर्गात पहिल्यांदा कोण बोललं. त्यांना त्या पोराचं नाव नक्की आठवेल, हजेरीपटच पाठ आहे त्यांना. कुणाकडे मराठी आवाजाची फीत असेल तर शनिवार रात्रीपर्यंत इथेच टाका.

सिंधू_मस्कत

ससा मिळाला. नातू चार वेळा बघून झाला, आता पापड मागतोय.