एका सहलीचे दोन व्हिडिओ
"आमच्याएवढ्याच यूट्यूब चॅनलला वीकेंड ट्रिपच्या जॉइंट व्हिडिओसाठी मेसेज करायचाय. व्हिडिओ कोणाच्या चॅनलवर जाणार, हे आधीच लिहावं का?"

हो, पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. जाहिरातीचे पैसे आणि वॉच टाइम ज्या चॅनलवर व्हिडिओ चढतो त्यालाच मिळतात, त्यामुळे समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो. माझा पहिला मेसेज नुसता "एकत्र काहीतरी करूया का?" असा होता, त्याला उत्तरच आलं नाही. पुढच्या वेळी लिहिलं: "तुमचा पावसातल्या पायवाटेचा व्हिडिओ पाहिला. तुम्ही चालण्यावर भर देता, आम्ही राहण्या-खाण्यावर. एकाच सहलीचे दोन व्हिडिओ करू. शनिवारची वाट तुमच्याकडे, मुक्काम आणि रविवार आमच्याकडे. दोन्ही एकाच संध्याकाळी टाकू, शेवटी एकमेकांची लिंक देऊ." त्याच दिवशी होकार आला. एकच व्हिडिओ दोन्हीकडे टाकण्यापेक्षा हे बरं, कारण प्रेक्षकाला दुसऱ्या चॅनलवर जायला खरं कारण मिळतं. ही लिंक दाखवणारी एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच बसते, तेवढी जागा दोघांनीही मोकळी ठेवायची.

होकारानंतर फ्रेम रेट मात्र नक्की ठरवा. आम्ही सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलं, त्यांनी ३०वर. त्यांचे चालतानाचे शॉट आमच्या टाइमलाइनवर झटके देत होते, आणि नेमके तेच सगळ्यात सुंदर होते. बरेचसे काढावे लागले.