संस्थापकांच्या पुण्यतिथीचं भाषण: काय जमलं, काय फसलं?

संस्थापकांची मूल्यं आजच्या मुलांशी जोडून बोलायची वेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर आली असेल. अनुभव लिहा. 'थोर होते, आदर्श घ्यावा' एवढंच असेल तर राहू द्या.

खडूफळा: आमची शाळा रयतची. कर्मवीर भाऊराव पाटील गेले 9 मे 1959 रोजी, म्हणजे पुण्यतिथी ऐन सुट्टीत. समोर थोडीच मुलं, आणि भाषण ठरलेलं: 1887चा जन्म, 1919 साली काले इथं संस्था, मग पद्मभूषण. तिसऱ्या सनावळीला मागे चुळबुळ सुरू होतेच. म्हणून मी एकच गोष्ट घेतली, 1924चं साताऱ्याचं वसतिगृह. निरनिराळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. तेव्हा हे गावाच्या पचनी पडणं किती कठीण, ते सावकाश सांगितलं. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडलं, ते ओघात आलं. मग 'समता' हा शब्द न वापरता विचारलं, "मधल्या सुट्टीत एकट्यानं डबा खाणारं तुमच्या वर्गात कोण आहे?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. 5 मिनिटांत जेमतेम 500 शब्द होतात, याहून जास्त कोंबू नये.

सोनचाफा: ते वसतिगृह गांधीजींनी सुरू केलं ना? तेही घ्यायचं होतं.

खडूफळा: सुरू नाही केलं. गांधीजी आले 1927 साली, तेव्हा त्यांच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं.

बांधावरून: मी श्रोत्यांच्या बाजूनं लिहितो. वक्ते 'कमवा आणि शिका'वरून हमखास 'आजच्या मुलांना कष्ट नकोत'वर घसरायचे. मी पहाटे धारा काढून शाळेत यायचो. मनात यायचं, हे कुणाला सुनावतायत? पैशावाचून कुणाचं शिक्षण थांबू नये म्हणून ती वाट काढली होती. तो भाग कुणी सांगितलाच नाही.

पायरी_तिसरी: आमच्याकडे उलटी गत. आमच्या मुलांनी कधी वर्गसुद्धा झाडलेला नाही, फीची काळजी नाही. त्यांना ही पैशांची बाजू सांगून काय कळणार? तिथं कष्टाबद्दलच बोलावं लागतं.

बांधावरून: बोला, पण मग झाडू वक्त्यानंही धरावा.

नवखी: सूत्रसंचालनासाठी चारोळ्या मिळतील का? कार्यक्रम परवा आहे.

उंबरठा: माझे आजोबाच एका शाळेचे संस्थापक, त्यामुळे दरवर्षी 'घरचं माणूस' म्हणून मला उभं करतात. एकदा त्यांचा तापटपणा सांगितला. चिडून हिशेबाची वही फेकायचे, मग स्वतःच उचलून पुन्हा बेरीज करायचे. मुलं खळखळून हसली, पदाधिकाऱ्यांचे चेहरे उतरले. पुढच्या वर्षी निमंत्रणासोबत 'फक्त प्रेरणादायी प्रसंग' अशी चिठ्ठी आली. वहीचा प्रसंग त्यात बसतो असं मला वाटतं, त्यांना नाही.