सीट पुढे घेतली की छाती स्टिअरिंगला, मागे घेतली की क्लच पुरत नाही. काय करू?

सुईदोरा:
नमस्कार. जुळे सोलापुरात राहते, वय ४३, उंची ४ फूट ११ इंच. मोटर ट्रेनिंगचा क्लास झाला, लायसन्स हातात आलं. येत्या रविवारी घरची गाडी पहिल्यांदा स्वतः काढणार आहे, पहाटे, होटगी रोडने. जुनी हॅचबॅक आहे. सीट वर-खाली होत नाही, फक्त पुढे-मागे होते आणि पाठ कलते. स्टिअरिंग थोडं वर-खाली होतं. त्यावर एअरबॅगचं चिन्ह आहे.

क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं की बॉनेट दिसलं पाहिजे, म्हणून बुडाखाली चादर घ्या. मी आपली सोलापुरी चादर आठपदरी घडी घालून घेते. बॉनेट दिसतं, पण आता क्लच शेवटपर्यंत दाबला जात नाही. पहिला गिअर टाकताना कर्र वाजतं. सीट अजून पुढे घेतली तर स्टिअरिंग छातीला येतं. काल शिवणकामाच्या टेपने मुलाकडून मोजून घेतलं, छातीपासून स्टिअरिंगच्या मधोमध १७ सेंमी भरलं. अर्ध्या तासात खांदे भरून येतात. आरसे कितीही लावले तरी मनासारखे बसत नाहीत. नेमकं आधी काय करायचं?

लालपरी_निवृत्त:
ताई, मी ३१ वर्षं एसटी चालवली. घाबरू नका ओ. स्टिअरिंग घड्याळ समजा, हात १० आणि २ वर घट्ट धरा आणि बॉनेटचा कोपरा नजरेत ठेवा. चादर बरोबरच आहे, अजून एक घडी वाढवा. उंच बसलेला ड्रायव्हर लांबचं बघतो.

उंचापुरा:
माझाही असाच त्रास आहे. मी ६ फूट १ इंच, गुडघा स्टिअरिंगखाली अडकतो. सीट शेवटच्या खाचेत आहे, आता आणखी मागे कुठे नेऊ? रेल वाढवून मिळते का, आसरा चौकाच्या बाजूला कोणी करतं का?

दुहेरी_ब्रेक:
उंचापुरा, तुमचं उलटं आहे, वेगळा धागा काढा. पण रेलला हात लावू नका, अपघातात सीट त्याच बोल्टांवर तग धरते.

सुईदोरा ताई, मी १२ वर्षं शिकवते. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ त्या चादरीत आहे. चादरीने तुम्ही वर गेलात, तसे पाय पॅडलपासून लांब गेले. ते लांब गेले म्हणून सीट पुढे ओढली, आणि सीट पुढे ओढली म्हणून छाती स्टिअरिंगला आली. शिवाय घडी मऊ असते. जोरात ब्रेक लागला की ती सरकते, आणि कमरेचा पट्टा हाडावरून घसरून पोटावर चढतो.

उद्या गाडी उभी असताना, हँडब्रेक लावून एवढं करून बघा. चादर काढा. पार्श्वभाग पाठीच्या आणि सीटच्या कोपऱ्यात पूर्ण रुतवून बसा, ही पायरी बहुतेकजण सोडतात. मग डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबा आणि सीट एकेक खाच पुढे घ्या. क्लच पूर्ण दबलेला असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला, की तिथेच थांबा. पाय ताठ झाला तर सीट लांब आहे. खाच लागल्यावर सीट हलवून बघा, नीट अडकली पाहिजे.

त्यानंतर पाठ. खांदे टेकवून हात सरळ पुढे करा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. खांदा उचलावा लागला तर पाठ जरा उभी करा. तळहात मनगटाच्या मागपर्यंत कडेपलीकडे गेला तर एक खाच कलवा. तुमच्या उंचीला एखादी खाच जास्त कलवावी लागेल, त्यात काही वावगं नाही. फार कलवू नका, नाहीतर पुढे वाकून बसायची सवय लागते.

स्टिअरिंग खाली घ्या. त्याचं तोंड तुमच्या छातीकडे असावं, चेहऱ्याकडे नाही. वरच्या कडेखालून स्पीडचा काटा दिसला पाहिजे. एअरबॅग असल्यामुळे छातीपासून मधल्या भागापर्यंत निदान २५ सेंमी अंतर हवं.

सुईदोरा:
आणि बॉनेट? चादर काढली की ते दिसणार नाही.

दुहेरी_ब्रेक:
नजर स्टिअरिंगच्या कडेवरून जाते की नाही, ते बघा. बॉनेटचं टोक बऱ्याच गाड्यांत उंच माणसालाही दिसत नाही. कडेच्या खाली नजर जात असेल तरच उशी घ्या, पातळ, कडक, खाली न घसरणारी. ती ठेवल्यावर क्लचपासून सगळं पुन्हा तपासा.

काका, १० आणि २ तुमच्या बसला योग्य होतं. मोठं स्टिअरिंग, पॉवर नाही, वरून जोर लावावा लागायचा. इथे एअरबॅग मधूनच फुटते, हात वर असले तर ते तोंडावर येतात. म्हणून ९ आणि ३. अंगठे कडेवर आडवे ठेवा, आत गुंतवू नका. कोपर थोडं वाकलेलं आणि खांदे सैल राहतील.

लालपरी_निवृत्त:
एअरबॅगचं खरं आहे, आमच्या बसला नव्हती. ९-३ मान्य. पण सात रस्त्याच्या चक्राला वळताना हात अडकतात की, तेव्हा काय? मी तर आतून पंजा घालून ओढायचो.

दुहेरी_ब्रेक:
आतून ओढायचं नाही काका, चाक परत फिरलं की मनगट मुरगळतं. डावीकडे वळताना डावा हात वर नेऊन खाली ओढायचा, तेवढ्यात उजवा सैल सोडून खाली सरकवायचा, मग त्याने खालून वर ढकलायचं. यू-टर्नला किंवा पार्किंगला, गाडी अगदी हळू असताना, हात ओलांडून फिरवला तरी मला चालतो. काही शिकवणारे तेही चालू देत नाहीत, तो वाद आमच्यात मिटलेला नाही.

आरसे सगळ्यांत शेवटी, आधी लावले तर बसायची जागा बदलली की वाया जातात. आतला आरसा मान न हलवता मागची काच पूर्ण दाखवेल असा. बाहेरच्या दोन्हींत क्षितिज साधारण मधोमध, आणि आतल्या कडेला आपल्या गाडीची बारीक पट्टीच.

अक्कलकोटरोड:
पट्टीसुद्धा नको. उजव्या आरशासाठी डोकं खिडकीला टेकवून, डाव्यासाठी गाडीच्या मधोमध झुकून, गाडीची बाजू जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर फिरवा. आपल्याकडे डावीकडून येणाऱ्या दुचाकी तेव्हाच सापडतात.

दुहेरी_ब्रेक:
जास्त भाग दिसतो, हे खरं. पण नवीन माणसाला गाडी आरशात न दिसल्यावर अंदाज लागत नाही. दोन्ही पद्धतींत आंधळी जागा थोडी उरतेच, वळण्याआधी खांद्यावरून एकदा बघावंच लागतं. ताई, पहिले दोन-तीन महिने पट्टी ठेवा.

सुईदोरा:
आज सकाळी अंगणात तासभर हेच केलं. चादर काढली, क्लच तळापर्यंत गेला, पहिला गिअर आवाज न करता पडला. पाठ दोन खाचा कलवली, स्टिअरिंग शेवटपर्यंत खाली घेतलं. टेपने २६ सेंमी. बॉनेट दिसत नाही, पण समोरच्या पिंपरणीच्या बुंध्यापर्यंत रस्ता दिसतो. उशी लागली नाही. हात ९-३ वर ठेवले तर खांदे दुखत नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. यजमान रोज चालवतात, परत बसताना माझी सीट कितव्या खाचेत होती ते कळत नाही, म्हणून रेलजवळ माझ्या जागेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. आरसे मात्र रोज हलणारच.

आणि खांद्यावरचा पट्टा गळ्याला घासतो. खांबावर तो खाली-वर करायचं बटण नाही. पट्ट्याला क्लिप लावायला शेजारीण सांगते. लावू का?

दुहेरी_ब्रेक:
क्लिप नको, पट्टा सैल राहतो. घासतोय म्हणजे गळ्यावर नेमका कुठे? खांद्याच्या मध्यावरून जात असून फक्त कडा लागत असेल तर वेगळं, मानेवरून जात असेल तर वेगळं. बसून बाजूने फोटो काढून टाका, चेहरा नको.