मदत हवी आहे: बँक गॅरंटीतलं 'ऑन डिमांड' आप्पांना मराठीत कसं समजावू? (अर्जंट)

टायपिंगवाला_धुळे
आमच्याकडे एक जुने ठेकेदार येतात, आप्पा. त्यांच्या परफॉर्मन्स गॅरंटीचं मराठी भाषांतर आहे. त्यात 'मागणी' शब्द आहे, त्यावरून ते माझ्याशी दोन दिवस भांडताहेत. म्हणतात, मनं काय चुकनं ते आधी सिद्ध होऊ दे, मग बँक पैसे देईल. मी म्हणतो तसं नसतं. पण नेमकं कसं असतं ते मलाही सांगता येत नाही. योग्य मराठी शब्द सुचवा. आज संध्याकाळपर्यंत हवंय.

चोपडेकर
हमी म्हणजे जामीनच की हो. मी मेव्हण्याला ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहिलो. पतसंस्थेने आधी त्याला नोटिसा दिल्या, मग दावा लावला, आणि नंतर माझ्या दारात आले. मेव्हण्याने हप्ते थकवलेत हे त्यांना कागदावर दाखवावं लागलं. आप्पांचंही तसंच असणार. आणि कुणाला जामीन राहू नका, हा माझा सल्ला सगळ्यांना.

निवृत्त_शाखाधिकारी
चोपडेकर, तुमचा अनुभव खरा, पण तो इथे लावू नका. टायपिंगवाले, शब्द सुचवण्याआधी चार गोष्टी सांगा. गॅरंटी देऊन झाली आहे की अजून मसुदाच आहे? रक्कम किती? मुदत कधीपर्यंत? आणि मागणीचं वाक्य मूळ इंग्रजीत काय आहे? ते वाक्य नसेल तर आपण सगळे हवेत बोलतोय.

टायपिंगवाला_धुळे
गॅरंटी गेल्या वर्षीच दिलीय. गटार आणि काँक्रीट रस्त्याचं काम, 48 लाखांचं. 5 टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार. वाक्य असं आहे: बँक रक्कम देईल 'विदाउट एनी डेमर, मिअरली ऑन अ डिमांड', आणि पुढे 'स्टेटिंग दॅट' अशी लांबण आहे, कराराचा भंग, नुकसान वगैरे. मराठीत लिहिलंय: 'नुकसान झाल्याचे दाखवून मागणी केल्यास बँक विनाहरकत रक्कम अदा करील.'

अमळनेरचा_शब्दवेडा
'विनाहरकत' चूक! ते ना-हरकत दाखल्यासारखं वाटतं. 'कां-कू न करता' हेच डेमरला चपखल बसतं.

निवृत्त_शाखाधिकारी
शब्दवेडे, कां-कू छानच आहे, पण घोटाळा तिथे नाही, 'दाखवून' मध्ये आहे. 'स्टेटिंग' म्हणजे नमूद करून. पुरावा जोडून नव्हे. 'दाखवून' वाचलं की आप्पांना वाटणार, काम देणाऱ्या खात्याने मोजमाप पुस्तक, पंचनामा, फोटो सगळं बँकेपुढे मांडायचं आणि बँक न्यायाधीशासारखी बसणार. बँक तसं करत नाही, करूही शकत नाही. गटाराचा उतार बरोबर होता की नाही हे शाखेतल्या पोराला काय कळणार?

त्या लांबणीत 'झालेलं किंवा होऊ शकणारं नुकसान' असंही असतं, बघा. म्हणजे नुकसान अजून झालेलं नसलं तरी मागणी बसते. त्याच परिच्छेदात पुढे बहुधा असेल की रकमेबाबत ही मागणीच निर्णायक मानली जाईल. सरकारी नमुन्यात हे असतंच.

आप्पांना असं सांगा: ही तुमच्या कामाच्या दर्जाची हमी नाही. खात्याने ठरलेल्या शब्दांत पत्र दिलं तर बँक पैसे देईल, हे बँकेचं स्वतःचं वचन आहे. तुमचं आणि खात्याचं भांडण त्याच्या बाहेर. आधी पैसे जातात, भांडण नंतर.

शिरपूर_कंत्राटी
साहेब तुम्ही ठेकेदाराला घाबरवताय. कोर्टातून स्टे मिळतो. माझ्या भावाने आणला होता. काम पूर्ण झालं असेल तर दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका.

निवृत्त_शाखाधिकारी
मिळतो, पण 'काम पूर्ण झालं' एवढ्यावर सहसा नाही. ढळढळीत फसवणूक, किंवा नंतर कधीच भरून न येणारं नुकसान, एवढंच साधारण कोर्ट बघतं. तुमच्या भावाच्या गॅरंटीतले शब्द काय होते?

शिरपूर_कंत्राटी
ते मला कसं माहीत? स्टे आला एवढं खरं.

निवृत्त_शाखाधिकारी
तेच तर म्हणतोय. गॅरंटी सशर्त असेल तर खेळच वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार या निकालात गॅरंटीचे शब्द तपासले. ती बिनशर्त नव्हती. शिवाय मागणी ज्या अधिकाऱ्याने करायची होती त्याऐवजी दुसऱ्यानेच केली होती, म्हणून ती टिकली नाही. टायपिंगवाले, खात्याचं पत्र आलंय का? त्यावर सही कुणाची?

चोपडेकर
स्टॅम्प पेपर किती रुपयांचा होता तेही विचारा. आमच्याकडे त्यावरून अडवलं होतं.

टायपिंगवाला_धुळे
हो, पत्र परवा बँकेत पोचलंय. ते सांगायचं राहिलं. बँकेने आप्पांना प्रत दिली. सही उपअभियंत्याची. गॅरंटी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आहे, 'मुख्याधिकाऱ्यांनी मागणी केल्यास' असं. पत्रात एवढंच: 'काम असमाधानकारक असल्याने गॅरंटी वटवून रक्कम जमा करावी.'

अमळनेरचा_शब्दवेडा
'वटवून' म्हणजे धनादेश आहे का तो?

निवृत्त_शाखाधिकारी
आता बोलण्यासारखं सापडलं. दोन उणिवा दिसतात. पहिली सहीची. दुसरी अशी की कराराच्या भंगामुळे नुकसान झालं आणि म्हणून अमुक रक्कम देय आहे, हे पत्रात कुठेच म्हटलेलं नाही. पुरावा लागत नाही, पण हे म्हणावं मात्र लागतं. 'असमाधानकारक' म्हणजे ते नव्हे. आप्पांनी आजच शाखेत लेखी द्यावं की ही मागणी गॅरंटीच्या शब्दांत बसत नाही. तोंडी सांगून उपयोग नाही, आणि पोच घ्यावी.

पण फार हुरळू नका. मुदत शिल्लक असेल तर खातं नीट पत्र पुन्हा देईल. मागणी स्वीकारायची शेवटची तारीख काय?

टायपिंगवाला_धुळे
अजून एकोणीस दिवस. 25 टक्के मार्जिनची एफडी ठेवलीय, बाकी काही नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
म्हणजे एफडी 60 हजारांची. पैसे गेले तर बँक ती आधी वळती करेल आणि उरलेले 1 लाख 80 हजार आप्पांच्या नावे व्याजासह उभे राहतील. गॅरंटी घेताना त्यांनी बँकेला काउंटर गॅरंटीवर सही करून दिली असणार, तिच्यात हे लिहिलेलं असतं. काम खरंच नीट झालं असेल तर आप्पांनी हे एकोणीस दिवस मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात घालवावेत, पूर्णत्वाचा दाखला आणि मोजमापाच्या प्रती घेऊन. पैसे गेलेच तरी करारानुसार खात्यावर वसुलीचा दावा करता येतो. तिथे मात्र सिद्ध करायचं असतं, आणि तिथे आप्पांचा प्रश्न बरोबर आहे.

शिरपूर_कंत्राटी
मी अजूनही म्हणतो, वकील आधी.

निवृत्त_शाखाधिकारी
वकिलाला माझी ना नाही. पण त्याच्याकडे इंग्रजी मूळ न्या, भाषांतर नव्हे. बँकेची सही इंग्रजीवर आहे. मराठी कागद कुणी केला?

टायपिंगवाला_धुळे
मीच. गेल्या वर्षी, पानाला चाळीस रुपयांनी. 'नमूद करून' पेक्षा 'दाखवून' सोपं वाटलं होतं. आप्पांनी त्याच कागदावर विश्वास ठेवून सही केली, आता ते दुकानात येऊन बसलेत आणि मी हे मागच्या खोलीतून लिहितोय.

चोपडेकर
चहा तरी पाजलास का त्यांना?

टायपिंगवाला_धुळे
दोनदा. बँकेला द्यायचा अर्ज टाइप करतोय, त्यांना वाचून दाखवतो आणि ते 'दाखवून' माझं चुकलं हेही सांगतो. शाखाधिकारी साहेब, अर्जात 'मागणी अमान्य' लिहू की 'गॅरंटीच्या अटींत न बसणारी'?

निवृत्त_शाखाधिकारी
दुसरं. मान्य-अमान्य बँक ठरवेल. आणि गॅरंटीतलं मुख्याधिकाऱ्यांचं वाक्य अर्जात इंग्रजीत, जसंच्या तसं उतरवा. भाषांतर करू नका.