मदत हवी आहे: नवीन सीएचा रेझ्युमे अडीच पानांचा झालाय, आर्टिकलशिप आणि अटेम्प्ट कसे लिहू?

टिळकवाडी_लेजर
मे २०२५ च्या परीक्षेत फायनल झाले. आर्टिकलशिप बेळगावातल्याच एका मध्यम फर्ममध्ये, फेब्रुवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२४. आता पुण्यात इंटर्नल ऑडिटच्या जागांसाठी अर्ज करायचाय. आर्टिकलशिपखाली २३ ओळी झाल्यात: टॅक्स ऑडिट केलं, जीएसटी रिटर्न भरले, टीडीएस भरला, व्हाउचिंग केलं, असं सगळं. क्लायंटची नावंही घातलीत. खरं मोठं काम म्हणाल तर उद्यमबागेतल्या दोन फाउंड्री, एक सौहार्द सोसायटी आणि दोन वर्षं एप्रिलमध्ये बँकेच्या शाखांचं ऑडिट.
अटेम्प्ट: मे २०२४ ला दोन्ही गट गेले, नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा दोन्ही दिले, दुसरा गट निघाला, मे २०२५ ला पहिला. मधल्या काळात नोकरी नव्हती. हे लिहायचं का, आणि कुठे?

खानापूर_पॅसेंजर
अटेम्प्ट अजिबात लिहू नकोस, कुणी विचारत नाही. क्लायंटची नावं मात्र ठेव, मोठं नाव दिसलं की फोन येतो.

जुनं_व्हाउचर
वरचं निम्मं बरोबर, निम्मं अंगलट येणारं. क्लायंटचं नाव काढाच. ऑडिटमधून कळलेली माहिती संमतीशिवाय बाहेर सांगणं सीए कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गैरवर्तन धरलं जातं. नुसत्या नावाने कारवाई होईल असं नाही, पण समोर बसलेला सीए मनात म्हणतो, आज ही त्यांची नावं सांगतेय, उद्या आमची सांगेल. 'लोखंडी कास्टिंग करणारी कंपनी, उलाढाल ४० ते ५० कोटी' एवढ्याने त्याला हवं ते कळतं.
दुसरं, सदस्यत्व क्रमांक आला का? नसेल तर नावापुढे 'सीए' लावू नका. ते सदस्यांनाच लावता येतं. तोवर 'सीए फायनल उत्तीर्ण, सदस्यत्वासाठी अर्ज केला आहे' असं लिहा, तेही अर्ज खरंच केला असेल तर.
आता २३ ओळी. टीडीएस, रिटर्न, व्हाउचिंग हे प्रत्येक आर्टिकलने केलेलं असतं, त्याची मिळून एकच ओळ. जागा द्या फाउंड्रीला आणि बँकेला. तिथे नेमकं काय तपासलंत ते इथे टाका, मग बघू.

निपाणी_वखार
पुण्याला कशाला जाताय? सीओपी घ्या आणि इथेच बसा. तंबाखूवाल्यांची कामं भरपूर आहेत.

टिळकवाडी_लेजर
दादा, प्रॅक्टिस नंतर बघू, आत्ता नोकरीच हवी आहे.
जुनं_व्हाउचर, ही फाउंड्रीची ओळ लिहिली आहे. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:
'दोन फाउंड्रींचं स्टॅच्युटरी ऑडिट केलं, इन्व्हेंटरी तपासली, मेल्टिंग लॉसचं विश्लेषण करून नियंत्रणं सुधारली.'

उद्यमबाग_शिफ्ट_दोन
'नियंत्रणं सुधारली' हे आर्टिकलच्या हातात नसतं, आणि 'ऑडिट केलं' म्हटलं की सही कुणाची हा प्रश्न आलाच. मी फाउंड्रीच्या अकाउंट्समध्ये आहे. तुमचे आर्टिकल आमच्याकडे येऊन काय बघतात ते सांगतो, त्यावरून ओळ बनवा.
समजा महिन्यात भट्टीत १०० टन माल गेला. चांगलं कास्टिंग ६० टन, रनर-रायझर आणि रिजेक्शन मिळून ३५ टन परत, उरलेले ५ टन लॉस. गोम अशी की ते परत आलेले ३५ टन पुन्हा भट्टीतच जातात. म्हणून विकत घेतलेला स्क्रॅप-पिग आयर्नचा खप १०० नसतो. भट्टीचं रजिस्टर आणि स्टोअरचा इश्यू यात हा परतीचा माल वेगळा न दाखवता ताळमेळ घातला, तर खप फुगतो आणि लॉस भलताच दिसतो. हे तुम्ही पकडलं असेल तर तेच लिहा.

टिळकवाडी_लेजर
होय की! दुसऱ्या वर्षी हेच निघालं होतं. रिटर्न स्टोअरला जमाच होत नव्हता.

जुनं_व्हाउचर
मग ओळ अशी:
'लोखंडी कास्टिंग कंपनी, उलाढाल ४० ते ५० कोटी, दोन वर्षं, तीन जणांच्या टीममध्ये: भट्टीचं रजिस्टर, स्टोअर इश्यू आणि तयार कास्टिंगचं वजन यांचा महिनावार ताळमेळ घातला, रनर-रायझरची परत स्टोअरला जमा होत नसल्याचं निदर्शनास आणलं.'
उलाढाल, वर्षं, टीमचा आकडा तुमचा खरा घाला. तुम्ही काय केलंत ते एका क्रियापदात यायला हवं: ताळमेळ घातला, नमुना तपासला, मसुदा केला. थ्रीसीडीची कलमं भरली असतील तर 'थ्रीसीडीचा मसुदा' म्हणा, 'टॅक्स ऑडिट रिपोर्ट दिला' नको.
बँकेच्या ओळीतही हेच. 'शाखा ऑडिट' म्हणजे काहीही असू शकतं. पीककर्जाच्या किती फायली पाहिल्या, थकबाकीचं वर्गीकरण तपासलं का, एलएफएआरचा कुठला भाग भरला? आणि तयारी ठेवा. 'पीककर्ज' शब्द दिसला की विचारतात, उसाचं कर्ज एनपीए कधी होतं आणि सोयाबीनचं कधी. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, जास्त मुदतीच्या पिकाला एक, हे अडखळत सांगितलंत तर ती ओळ उलटी पडते.

तिसरं_गेट
एक राहिलं. कन्नड वाचता येत असेल तर भाषांच्या ओळीत नुसतं 'कन्नड' नको, 'कन्नड वाचता येतं' लिहा. आरटीसी उताऱ्यावर बँकेचा बोजा चढलाय का, हे कन्नडमध्येच वाचावं लागतं. पुण्याच्या ज्या फर्मला इकडच्या शाखा मिळतात, तिला ते लागतं.

हिंडलगा_आर्टिकल
माझी दोन वर्षांचीच आर्टिकलशिप आहे, नव्या स्कीमची. त्यात मध्येच फर्म बदलली. दोन्ही लिहू का? आणि फॉर्म भरला पण पेपरला बसलोच नाही, तो अटेम्प्ट धरायचा का?

जुनं_व्हाउचर
दोन्ही फर्म, तारखांसह. इन्स्टिट्यूटच्या नोंदीत असतील त्याच तारखा. न बसलेल्या अटेम्प्टचं मात्र कंपन्यांचं एकमत नाही. अर्जातला प्रश्न नीट वाच, स्पष्ट नसेल तर एचआरला मेल करून विचार.

पुणे_पेठेत_बेळगावकर
भरतीचं काम करते, म्हणून अटेम्प्टचं सांगते. रेझ्युमेत '३ अटेम्प्ट' असं लिहू नका. तक्त्यात महिना-वर्ष द्या: 'गट २, नोव्हेंबर २०२४, गट १, मे २०२५'. यात लपवाछपवी नाही आणि फेब्रुवारी २०२४ नंतरच्या मोकळ्या काळाचं उत्तरही तिथेच मिळतं. नुसतं 'मे २०२५' लिहिलंत तर मला सव्वा वर्षाची पोकळी दिसते आणि पहिला प्रश्न तोच येतो. आर्टिकलशिपची तारीख ओढून ती बुजवणारे पाहिलेत. कागद मागवले की तिथेच उघडं पडतं.
ऑनलाइन अर्जात किंवा इन्स्टिट्यूटच्या कॅम्पसमध्ये अटेम्प्टचा रकाना असतोच. तिथे गटवार विचारलं तर पहिला गट ३, दुसरा २. एकच आकडा मागितला तर ३. टक्के द्यायचे तर ६०० पैकी बेरीज करून द्या. चांगल्या गटाचे तेवढेच देऊ नका.

खानापूर_पॅसेंजर
पण महिना लिहिला की अटेम्प्ट मोजतातच ना? मग फोनच आला नाही तर?

पुणे_पेठेत_बेळगावकर
काही ठिकाणी नाही येणार, पहिल्या अटेम्प्टचीच अट असते. तिथे महिना न लिहूनही पुढच्या टप्प्यावर अडकतंच.

खानापूर_पॅसेंजर
मला अजून पटलं नाही. आधी बोलावणं तरी येऊ दे की.

टिळकवाडी_लेजर
दोन्ही गट महिन्यासह लिहिले. फाउंड्रीला तीन ओळी, बँकेला दोन, बाकी सगळ्याची एक. सोसायटीचं काय करू? तिथे ठेवींच्या व्याजाची तपासणी एवढंच होतं माझ्याकडे.

जुनं_व्हाउचर
किती खाती, नमुना कसा निवडला, फरक निघाला का? तिन्हीची उत्तरं असतील तर एक ओळ. नसतील तर 'बाकी सगळ्या'त टाका.