मदत हवी आहे: बाबांच्या नाण्यांची तिघांत वाटणी कशी करावी?

कऱ्हाकाठ
बाबा गेले, आई त्यांच्या आधीच गेली होती. मृत्युपत्र नाही. आम्ही तीन भावंडं: दादा पुण्यात, ताई न्यू जर्सीत, मी सासवडला. घराचं आणि शेताचं सुरळीत झालं, अडलंय ते बाबांच्या नाण्यांवर.

एका जाणकाराकडून मूल्यांकन करून घेतलं. लिलावात साधारण काय येईल त्या हिशोबाने आकडे असे:
शहाजहानची सोन्याची मोहर ३,२०,०००
मुघल चांदीचे रुपये, टांकसाळीप्रमाणे लावलेला अल्बम १,८०,०००
शिवराया आणि मराठा रुपये १,६०,०००
ब्रिटिश चांदीचे रुपये १,४०,०००
बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर वगैरे संस्थानी ७०,०००
किरकोळ ३०,०००
एकूण ९ लाख, म्हणजे प्रत्येकी ३ लाख.

दादा म्हणतो, सगळं मी घेतो, तुम्हा दोघींना पैसे देतो. पण त्याचा आकडा साडेपाच लाखांचा आहे, कारण एका नाणे-दुकानदाराने तेवढेच देऊ केले. मला आणि ताईला दोघींनाही शिवरायांचा अल्बम हवा आहे. लहानपणी बाबांबरोबर त्या निवडायला आम्हीच बसायचो. भांडण नको आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात का?

दत्ता_जुन्नर
आमच्याकडे तीन भावांत जमिनीच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मोठ्याने तुकडे पाडले, धाकट्याने आधी उचलली. आधी सातबारा तिघांच्या नावावर करून घ्या, तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज द्या, म्हणजे पुढे त्रास नाही.

कऱ्हाकाठ
दत्ताभाऊ, शेताचं झालंय. हा प्रश्न फक्त नाण्यांचा आहे. पण मोठ्याने तुकडे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायची हे इथेही चालेल असं वाटतं.

मोडीवाचक
चालेल, पण तुकडे आकड्यांवर पाडा, डोळ्यांनी नको. तुमच्या यादीत योग नीट जुळतोय.
पहिला वाटा: मोहर, ३,२०,०००.
दुसरा: मुघल आणि ब्रिटिश रुपये मिळून ३,२०,०००.
तिसरा: शिवराया, संस्थानी आणि किरकोळ मिळून २,६०,०००.
पहिले दोन वाटे घेणाऱ्यांनी वीस-वीस हजार काढायचे आणि तिसऱ्याला चाळीस हजार द्यायचे. तिघेही ३ लाखांवर येतात आणि एकही अल्बम फुटत नाही. टांकसाळीप्रमाणे लावलेला संच फोडला की सुटी नाणी त्याच किमतीला जातील याची खात्री नसते, म्हणून तो अखंड ठेवा.

दादांच्या साडेपाच लाखांबद्दल: दुकानदार पुढे विकून नफा काढणार, म्हणून त्याचा भाव कमी असतो. तो भाव सगळ्यांनी मिळून सगळं विकायचं ठरलं तर लागू होईल. दादा विकणार नसतील, घरात ठेवणार असतील, तर त्यांनी मूल्यांकनाचा भाव धरावा. लिलावातही विकणाऱ्याकडून कमिशन कापलं जातं, हातात ९ लाख पडत नाहीत हे खरं. तेवढ्यापुरती सूट मागितली तर तो मुद्दा बोलण्यासारखा आहे. पण एकच नियम तिघांना लावा: दादांनी घेतलं तर दुकानाचा भाव आणि तुम्ही घेतलं तर लिलावाचा, असं नको.

मंजिरी_ठाणे
मोहरेसाठी बंद पाकिटं करा. प्रत्येकाने स्वतःला ती केवढ्याची वाटते ते लिहायचं. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याला ती मूल्यांकनाच्या भावाने द्यायची. सगळ्यांत सोपं.

मोडीवाचक
मंजिरीताई, पाकिटांची कल्पना चांगली आहे, पण मोहर मूल्यांकनाच्या भावाने दिली तर मोठा आकडा लिहायला काहीच अडत नाही. कोणीही दहा लाख लिहील. जो आकडा लिहिला, तोच त्याच्या नावे धरायचा. समजा दादांनी ४ लाख लिहिले. मग एकूण ९,८०,००० होतात, तिसरा हिस्सा ३,२६,६६७. दादांकडे ४ लाखांची मोहर आली, तर त्यांनी ७३,३३३ भरायचे, आणि उरलेल्या दोघींच्या वाट्याला प्रत्येकी २६,६६७ जास्त येतात.

मंजिरी_ठाणे
हो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण ज्याच्याकडे रोकड आहे तोच जिंकेल ना यात? अमेरिकेतली ताई डॉलरमध्ये कमावते.

मोडीवाचक
ते खरं आहे, त्यावर उपाय नाही. म्हणून पाकिटं बाजारात भाव असलेल्या वस्तूंसाठीच ठेवावीत. ज्या नाण्यांत जीव अडकलाय, त्यांना पाकिटं नकोत, चिठ्ठी बरी.

पुरावस्तू_नागपूर
एक गोष्ट कोणी विचारली नाही. ताई तिचा वाटा अमेरिकेला नेणार आहे का? १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. मोहर, मुघल रुपये, शिवराया सगळी त्यात आली. ब्रिटिश अल्बममधली फक्त शंभरीच्या आतली, म्हणजे मुख्यतः सहाव्या जॉर्जची नाणी सुटतील. म्हणून डोळे झाकून चिठ्ठी टाकू नका. ताईला शिवरायांचा वाटा लागला तर तो इथेच कोणाकडे तरी राहील. तो कोणाकडे, कुठे, कोणाच्या जबाबदारीवर, हे आधी लिहून ठेवा.

आणि त्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३९ चा आहे का ते पाहा. तो दुर्मीळ आहे आणि खोटेही खूप फिरतात. असला तर वेगळा तपासून घ्या, तुमची १,४०,००० ची रक्कम बदलू शकते.

कऱ्हाकाठ
हे कायद्याचं आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. ताई पुढच्या खेपेला अल्बम घेऊन जाणार होती. ब्रिटिश रुपये मूल्यांकनाआधी आमच्या ओळखीच्या सराफाने वजनावर एकदम मोजले होते. नंतर जाणकाराने ते वर्षाप्रमाणे लावले का, हे मी आज विचारते.

मोडीवाचक
विचाराच. सराफ चांदीचं वजन मोजतो, वर्ष, टांकसाळ आणि घासट मोजत नाही. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, त्याच्या हिशोबात १९३९ चा रुपया आणि घासून गुळगुळीत झालेला जुना रुपया जवळपास सारखेच. आणि घरात कोणालाही नाणी चिंच-लिंबाने चकचकीत करू देऊ नका. घासलेल्या नाण्याचा भाव लगेच पडतो. वाटणीआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन, यादीवर तिघांच्या सह्या.

पुरावस्तू_नागपूर
वाटणीच्या कागदावर आणखी एक ओळ घाला: दादांनी मोहर घेतली आणि काही वर्षांत जास्त भावाने विकली, तर फरक तिघांत वाटायचा. किती वर्षं ते तुम्ही ठरवा. नंतर विकताना कर लागू शकतो, त्यासाठी सीएला एकदा यादी दाखवा.

मोडीवाचक
हे मला पटत नाही. वाटणी झाली की झाली. वर्षानुवर्षं भावाच्या विक्रीवर नजर ठेवायची तर कागद मिटतच नाही. भाव पडला तर तोटाही तिघांत वाटणार का?

पुरावस्तू_नागपूर
मोहर मूल्यांकनापेक्षा कमी भावाने दिली असेल तरच ती ओळ हवी, असं म्हणतो. पूर्ण भाव घेतला असेल तर नको.

कऱ्हाकाठ
दादाशी काल बोलले. साडेपाच लाखांवरून तो मागे आला आहे, मोहर ३,२०,००० ने घ्यायला तयार आहे, पाकिटं मात्र त्याला नकोत. ताई म्हणते, अल्बम इथेच राहणार असेल तर तिला पैसे चालतील, पण दहा शिवराया तिच्या नावाने वेगळ्या ठेवायच्या, ती इथे आली की बघायला. मग तिसरा वाटा माझ्याकडे येतो आणि त्या दहांची किंमत त्यातून वजा करायची. दहा कोणत्या ते ती फोटोंवरून निवडेल. मुघल आणि ब्रिटिश रुपयांचं मात्र कळत नाही: दादा मोहर घेणार, मी शिवराया, मग ३,२०,००० चे हे दोन अल्बम ताईच्या नावाने विकायचे की आम्ही दोघांनी घेऊन तिला पैसे द्यायचे? माझ्याकडे एवढी रोकड नाही.

दत्ता_जुन्नर
हप्त्याने द्या की. आम्ही धाकट्याला तीन सुगींत दिले होते. फक्त तारखा कागदावर घाला.