अनुभव सांगा: कन्सील्ड पाईप की बाहेरून, डायव्हर्टर, आणि भिंत बंद करायच्या आधी काय बघितलंत?

निवांत_दुपार
डोंबिवलीत तीस वर्षं जुना फ्लॅट आहे, चौथा मजला, वर अजून एक मजला आणि मग गच्चीवर टाकी. दोन्ही बाथरूम फोडलीत. प्लंबर म्हणतोय सगळं भिंतीत घालू, गरम-गार पाणी मिसळून शॉवरला की नळाला सोडायचं ते ठरवणारा डायव्हर्टर लावू, बाहेर फक्त हँडल आणि शॉवर दिसेल. सासरे म्हणतात पाईप डोळ्यासमोर हवा, उद्या गळला तर निदान दिसेल तरी. नवरा दोघांनाही हो म्हणतोय. झिऱ्या मारून झाल्यात, टाईल्सवाला पुढच्या आठवड्यात येणार. ज्यांनी घरी केलंय त्यांनी भिंत बंद करायच्या आधी नक्की काय तपासलं ते सांगा, आणि नंतर काय निघालं तेही. ब्रँडची नावं नकोत, भांडणं होतात.

खालचे_वरचे
आमची गोष्ट सांगते, लांब आहे. नाशिकला आमचा फ्लॅट, काम झाल्यावर काही महिन्यांनी खालच्या वहिनी आल्या, छताला ओल आलीय म्हणून. सगळे म्हणाले वॉटरप्रूफिंग गेलं, फरशी काढा. वॉटरप्रूफिंगवाला तर दुसऱ्या दिवशी कोटेशन घेऊन हजर. पण वहिनींनी एक गोष्ट बरोबर पकडली होती, की सुट्टीच्या दिवशी पाहुणे असले की ओल वाढते आणि आम्ही गावाला गेलो की सुकते. आता यावरून फरशी की पाईप हे काही कळत नाही, कारण दोन्हीत असंच होणार. मग आम्ही काही दिवस सगळ्यांनी फक्त बादलीने, तिथेच बसून, फरशीवर हवं तेवढं पाणी ओतून आंघोळी केल्या. ओल वाढली नाही. मग नुसता शॉवर चालू ठेवला, तोही खाली मोठा टब ठेवून, म्हणजे फरशीवर पाणी जवळजवळ पडूच दिलं नाही. संध्याकाळपर्यंत खाली डाग ओला!

म्हणजे गळत होता तो डायव्हर्टरपासून वर शॉवरकडे जाणारा पाईप. त्या उभ्या रेघेतल्या तीन टाईल्स काढल्या आणि वरच्या एल्बोपाशी प्लास्टर फोडलं तर एल्बो हाताने ओढला आणि बाहेर आला. आत सोल्युशनचा थेंब नाही, पाईपच्या टोकावर पेन्सिलीची खूण तशीच्या तशी. नुसता ठोकून बसवला होता, नंतर चिकटवतो म्हणून राहून गेला असणार. प्लंबरने पंपाने दाब देऊन टेस्टिंग केलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं, दाबाचा काटा हलला नव्हता. मग हे सुटलं कसं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

पाईपरेंच
मी पिंपरीत प्लंबिंगची कामं घेतो. ताई, तुमच्या प्लंबरने टेस्ट खोटी नाही केली, अर्धी केली. डायव्हर्टर बंद असताना पंप मारला की दाब फक्त गरम आणि गार येणाऱ्या लाईनवर चढतो. डायव्हर्टरच्या पुढचा शॉवरचा पाईप आणि खाली नळाकडे जाणारा तुकडा, हे दोन्ही कोरडेच राहतात. रोज वापरतानाही तिथे शॉवर चालू असला तरच पाणी, म्हणून तुमची ओल शॉवरबरोबर यायची जायची.

बरोबर पद्धत अशी. शॉवरच्या आणि नळाच्या तोंडाला डमी लावायची, गिझरचे दोन्ही पॉइंट, जेट स्प्रे, बेसिन, फ्लश टँक सगळीकडे डमी. गिझर जोडलेला नको, नाहीतर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह मधेच सोडतो आणि काटा का पडला ते शोधत बसायचं. डायव्हर्टर मिक्सिंगवर उघडा ठेवायचा, म्हणजे गरम गार दोन्ही लाईनी आतून एक होतात आणि एकाच पंपात सगळं येतं. शॉवर आणि नळ यात निवडायचं बटण असेल तर टेस्ट दोनदा, एकदा इकडे एकदा तिकडे. लाईन पाण्याने भरून वरच्या टोकाची डमी ढिली करून हवा काढायची, मग हातपंपाने 6 किलोपर्यंत न्यायचं आणि पंपाचा व्हॉल्व्ह बंद. काही मॉडेलची आतली कार्ट्रिज एवढा दाब घेत नाही, त्यात कंपनी टेस्टिंगची वेगळी टोपी देते, ती फेकू नका. कॉम्प्रेसरने हवा भरून टेस्ट करू देऊ नका, सीपीव्हीसी फुटला तर तुकडे उडतात.

शेवटचा सांधा आज चिकटवला असेल तर पंप उद्या. सुरुवातीला काटा थोडा उतरतो, हवा राहिलेली असते, परत चढवायचा. नंतर रात्रभरात हळूहळू उतरत राहिला तर कुठेतरी सांधा पाझरतोय. बहुतेक वेळा डमीचं टेफ्लॉनच असतं, आधी ते बघा, भिंतीला उगाच हात लावू नका.

देशपांडे_गल्ली
एवढं काही लागत नाही हो. आम्ही टाकीचा व्हॉल्व्ह उघडून दोन रात्री लाईन भरून ठेवली, कुठे ओल नाही, प्लास्टर मारलं. जो दाब घरात रोज आहे त्यालाच पाईप टिकला म्हणजे झालं, उगीच जास्त दाब देऊन सांधे कशाला ढिले करायचे?

पाईपरेंच
@देशपांडे_गल्ली दोन रात्री भरून ठेवलंत ते चांगलंच, बरेच जण तेवढंही करत नाहीत. पण दहा मीटर उंचीच्या पाण्याला 1 किलो दाब येतो. धागाकर्तीच्या घरी टाकी फार तर सहा-सात मीटर वर, म्हणजे पाऊण किलोसुद्धा नाही. एवढ्याला न चिकटवलेला एल्बोसुद्धा महिनोन् महिने घट्ट बसून राहतो, वरच्या ताईंचा तोच प्रकार. मग गरम पाण्याने पाईप लांब-आखूड होतो, कोणी जेट स्प्रे फटकन सोडला की लाईनला झटका बसतो, आणि सांधा सरकतो. चांगला चिकटवलेला सांधा 6 किलोने ढिला होत नाही. जो होतो तो झालेलाच बरा, भिंत उघडी असताना.

माळरान
आमच्याकडे सोलर आणि गिझर दोन्ही आहेत, त्यासाठी डायव्हर्टर बसवला होता, हिवाळ्यात गिझरकडे फिरवायचा आणि उन्हाळ्यात सोलरकडे. तो गच्चीवर उघड्यावर आहे, चार वर्षांत हँडल उन्हाने तुटलं. भिंतीत असता तर काय केलं असतं? त्यामुळे माझं मत उघडाच ठेवा.

निवांत_दुपार
@माळरान तो वेगळा हो, मी शॉवरचा म्हणतेय 😄 पण हँडलची गोष्ट सासऱ्यांना वाचून दाखवली, खूश झाले.

चौकट_रंग
इंटिरियरची कामं करते. टेस्टिंगवर वर सगळं आलंय, मी डायव्हर्टरच्या खोलीबद्दल सांगते, माझ्या साईटवर सगळ्यात जास्त रडारड यावरून होते. बॉडीवर प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्यावर दोन रेघा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. तयार टाईलचा पृष्ठभाग या दोन रेघांच्या मधे यायला हवा. प्लास्टरचा नाही, विटेचा नाही, टाईलचा. प्लंबर येतो तेव्हा समोर नुसती वीट असते, त्याने अंदाज करायचा कशावरून?

कोथरूडच्या एका साईटवर प्लंबरने हिशोब बरोबर केला होता, प्लास्टर 15 मिमी, टाईल चिकटवायचं केमिकल 4, टाईल 8, म्हणजे विटेपासून 27 मिमी बाहेर. मग मालकांनी मोठ्या टाईल्स घेतल्या, भिंत ओळंब्यात नव्हती म्हणून टाईल्सवाल्याने वरच्या बाजूला प्लास्टरवर अजून मसाला चढवला, आणि डायव्हर्टरपाशी जाडी 45 मिमीच्या वर गेली. बॉडी आत बुडाली, हँडलचा दांडा टाईलपर्यंत पोचेना. त्या मॉडेलला एक्स्टेन्शन किट मिळालं म्हणून निभावलं. उलटं झालं, म्हणजे बॉडी बाहेर राहिली, तर त्याला किट नसतं, गोल पट्टी आणि टाईल यात फट राहते आणि मग सिलिकॉन भरत बसा.

म्हणून टाईल आधी पसंत करा. प्लंबर बॉडी पक्की करायच्या आधी टाईल्सवाल्याला बोलवून भिंतीवर दोन ठिकाणी तयार लेव्हलचे ठिपके मारून घ्या, आणि त्या दोन ठिपक्यांवर सरळ पट्टी धरून झाकणावरच्या रेघा बघा. बॉडी लेव्हलमध्ये आहे ना, बाण वर आहे ना, गरम डावीकडे आहे ना, तेही तेव्हाच. झाकण टाईल लागेपर्यंत काढायचं नाही.

चिऱ्याचं_घर
रत्नागिरीजवळ गावी. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, त्यात झिरी मारताना कडा ढासळतात, एक इंच मारायला गेला की तीन इंच उघडतं. आम्ही सरळ बाहेरून लाईन घेतली आणि नेहमीचा वॉल मिक्सर लावला. त्याच्या दोन पॉइंटमधलं अंतर मधोमध ते मधोमध 150 मिमी ठेवायचं एवढंच सांभाळायचं, थोडं इकडेतिकडे वाकड्या कनेक्टरने जमवता येतं. दिसायला साधं आहे पण मुंबईकर पाहुणे सोडले तर कोणी बोललं नाही. पाईप मात्र क्लॅम्पने नीट धरा, आमच्याकडे क्लॅम्प कमी पडले तर गरम पाण्याची लाईन पोटाला आल्यासारखी खाली लोंबली.

अकरावा_मजला
ठाण्यात नवीन बिल्डिंग आहे, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, मायव्हान. सोसायटीचा नियमच आहे की कटर लावायचा नाही, आतल्या सळया कापल्या जातात. मला डायव्हर्टरची जागा बदलायची होती. शेवटी त्या भिंतीपुढे चार इंची ब्लॉकची दुसरी भिंत कमरेपर्यंत उभी केली, त्यात पाईप आणि डायव्हर्टर घातला, वर ग्रॅनाईट टाकून साबण-शांपू ठेवायला जागा झाली. बाथरूम तेवढं लहान झालं. शॉवरचा पाईप वर उघडाच जातो. बायकोला अजून पटलेलं नाही.

बोअरचं_पाणी
लातूर. आमच्याकडे पाणी जड, नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो. डायव्हर्टरची कार्ट्रिज समोरून हँडल काढून बदलता येते, त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही, हे खरं. पण ती त्याच मॉडेलची मिळाली पाहिजे. आमचं मॉडेल बंद झालं, दुसरी बसत नाही, आणि बॉडी तर भिंतीत. आता हँडल दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. ज्यांना घालायचा आहे त्यांनी एक जास्तीची कार्ट्रिज बिलाबरोबर घेऊन ठेवा.

निवांत_दुपार
सगळ्यांचे आभार. काल प्लंबरला विचारलं, शॉवरची लाईन धरून टेस्ट करशील का, तर म्हणाला मॅडम ती कोणी करत नाही, ती उघडीच असते. वरचं वाचून दाखवलं तर म्हणाला पंप भाड्याने आणावा लागेल, पैसे वेगळे. देणार आहे. टाईल्सवाल्याला परवा ठिपके मारायला बोलावलंय. आज बंद करायच्या आधीचे फोटो काढले, प्रत्येक भिंतीला टेप उभी-आडवी धरून, नंतर टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना पाईप कुठून गेलाय ते कळेल म्हणून.

एक राहिलंच. पाऊण किलोत तो मोठा छतावरचा गोल शॉवर चालेल का?

पाईपरेंच
धार पडेल, पाऊस नाही पडणार. मोठ्या शॉवरला साधारण 1 किलो तरी हवा. लहान डोक्याचा घ्या नाहीतर गच्चीवर प्रेशर पंप लावा. पण पंप पुढे कधीतरी लावणार असाल तरी टेस्ट आत्ताच त्या हिशोबाने करा, आणि आतला पाईप पाऊण इंची घ्या, शेवटी अर्ध्यावर आणा. झिरी उघडी आहे तोवर बदलता येईल.

देशपांडे_गल्ली
पंप लावला की सोसायटीत आवाजाची तक्रार येते, आमच्याकडे आली होती. सासऱ्यांचं ऐका, वॉल मिक्सर लावा.

निवांत_दुपार
एका बाथरूममध्ये त्यांचं ऐकणारच आहे. कुठल्या, ते अजून ठरायचंय.